दुबईचा एकतर्फी निकाल आणि मडगावचं घर

"दुबईच्या बँकेने कर्जापोटी माझ्याविरुद्ध तिकडे एकतर्फी निकाल घेतलाय. घर मडगावला. इथे तो चालेल का?"

चालू शकतो. 17 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने अमिरात हा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खालचा परस्पर प्रदेश, म्हणजे जिथले हुकूमनामे इथे थेट अंमलात आणता येतात असा देश, झाला आणि दुबईची न्यायालयं त्यात येतात. त्यामुळे बँकेला इथे नवा दावा लावावा लागत नाही. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि किती वसुली झाली याचा तिथल्या न्यायालयाचा दाखला जोडून मडगावच्या जिल्हा न्यायालयात थेट अंमलबजावणीची दरखास्त करता येते.

तुमचा बचाव त्याच संहितेच्या कलम 13 मध्ये आहे; परदेशी निकाल कधी बंधनकारक नसतो ते तिथे दिलंय. 'दुबईला अधिकारच नव्हता' यावर फार विसंबू नका. करारात तिथलं न्यायालय कबूल केलं असेल, किंवा दावा झाला तेव्हा तुम्ही तिथेच राहत असाल, तर तो मुद्दा टिकणं कठीण. करार अमिरातीच्या कायद्याखाली असेल तर भारतीय कायदा डावलल्याची तक्रारही लागू पडत नाही.

खरा जोर गुणदोषांवर. एकतर्फी असल्यानेच निकाल बाद होत नाही. पण न्यायाधीशाने करार, खात्याचा उतारा, थकबाकीचा हिशेब तपासला का, हे पाहिलं जातं. 'प्रतिवादी हजर नाही, म्हणून मागणी मंजूर' एवढंच असेल, तर इथलं न्यायालय अंमलबजावणी नाकारतं. म्हणून आधी पूर्ण अरबी निकालाचं अधिकृत भाषांतर मिळवा, केवळ शेवटचा आदेश नव्हे. समन्स कुठल्या पत्त्यावर बजावलं तेही त्यातच शोधा. तुम्ही गोव्यात परतल्यावर ते दुबईच्या जुन्या खोलीवर चिकटवलं असेल, तर नैसर्गिक न्यायाची वेगळी हरकत उभी राहते. परतल्याची तारीख पासपोर्टच्या शिक्क्याने दाखवा.