एका अंतिम तारखेची गोष्ट: विवेकाधिकारावरील आक्षेपाला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "लेखात न्यायालयाचे कौतुक जास्त आणि चिकित्सा कमी आहे. कायद्याने विवेकाधिकार अधिकाऱ्याला दिला असेल, तर निवड त्याने करायची, न्यायाधीशांनी नव्हे. न्यायालयाला जे धोरण पटत नाही त्यालाच 'मनमानी' म्हटले जाते. टू-जी प्रकरणात सरकारला लिलाव नको होता, न्यायालयाला हवा होता, म्हणून १२२ परवाने गेले. धोरण कुठे संपते आणि मनमानी कुठे सुरू होते, ती रेषा एकदा दाखवाच."

नमस्कार. आपल्या आक्षेपाचा एक भाग मला मान्य आहे. टू-जी, म्हणजे २००८ मध्ये दिलेल्या मोबाइल सेवेच्या परवान्यांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने हे परवाने रद्द केले त्या २ फेब्रुवारी २०१२ च्या निकालपत्रात दुर्मीळ नैसर्गिक साधनसंपत्ती लिलावानेच द्यावी, अशा अर्थाची विधाने आहेत आणि ती गरजेपेक्षा फार पुढे गेलेली होती, असे माझेही मत आहे. वाटप कोणत्या पद्धतीने करायचे हा धोरणाचा प्रश्न आहे. महसूल जास्त मिळावा की सेवा स्वस्तात पसरावी, यांपैकी सरकार काय निवडते हे न्यायालयाने ठरवायचे नसते. हीच बाब त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, राष्ट्रपतींनी अभिमतासाठी पाठवलेल्या प्रश्नावर, पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने स्पष्ट केली: लिलाव हा वाटपाचा एकमेव मार्ग असल्याचा दंडक राज्यघटनेत नाही. म्हणून लिलावाचा मुद्दा आपण पूर्णपणे बाजूला ठेवू. २००१ मध्ये ठरलेले प्रवेशशुल्क २००८ मध्येही तसेच ठेवले, हा मुद्दाही चर्चेपुरता सोडून देऊ. 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' हे सरकारने निवडलेले धोरण आहे आणि ते वैध आहे, असे गृहीत धरू. एवढे सोडल्यावर आपल्या म्हणण्यानुसार त्या परवान्यांमध्ये दोष उरायला नको. पण तो उरतो, आणि आपण विचारलेली रेषा नेमकी तिथेच दिसते.

घटनाक्रम तारखांसह पाहू. दूरसंचार विभागाने २४ सप्टेंबर २००७ रोजी प्रसिद्धिपत्रक काढून १ ऑक्टोबर २००७ नंतर नवे अर्ज स्वीकारले जाणार नाहीत, असे कळवले. हे वृत्त २५ तारखेच्या वृत्तपत्रांत आले. १ ऑक्टोबरपर्यंत एकूण ५७५ अर्ज जमा झाले. त्यानंतर, नोव्हेंबरच्या आरंभी, केवळ २५ सप्टेंबरपर्यंत आलेल्या अर्जांचाच विचार करायचा, असे ठरले. हा निर्णय अर्जदारांना जाहीरपणे कळला तो थेट १० जानेवारी २००८ रोजी. त्याच दिवशी दुसरे पत्रक निघाले आणि अर्जदारांनी सुमारे पाऊण तासात विभागाच्या कार्यालयात इरादापत्रे, म्हणजे परवाना देण्याची तयारी व त्यासाठीच्या अटी कळवणारी पत्रे, घेण्यासाठी हजर व्हावे, असे सांगितले गेले. रांगेतील क्रमही बदलला. अर्ज आधी कोणी दिला यापेक्षा इरादापत्रातील अटींची पूर्तता, म्हणजे धनाकर्ष आणि बँक हमी, आधी कोणी केली यावर क्रम ठरू लागला. काही अर्जदारांजवळ धनाकर्ष आणि हमीपत्रे आधीच तयार होती, म्हणजे त्यांना या बदलाची आगाऊ कल्पना होती, असा निष्कर्ष न्यायालयाने नोंदवला.

आता फक्त अंतिम तारखेकडे पाहा. कोणतीही अंतिम तारीख कोणावर तरी अन्याय करणारी भासते, कारण एक दिवस उशिरा आलेला माणूस आदल्या दिवशी आलेल्यापेक्षा गुणांनी कमी असतो असे नाही. तरीही न्यायालये सहसा तारखांना हात लावत नाहीत. १९७४ चा परमेश्वरन मॅच वर्क्स खटला घ्या. आगपेट्यांच्या छोट्या कारखान्यांना उत्पादनशुल्काच्या दरात सवलत होती. त्यासाठी आपले उत्पादन ठरावीक मर्यादेबाहेर जाणार नाही, असे घोषणापत्र ४ सप्टेंबर १९६७ पूर्वी दिलेले असावे, अशी अट होती. त्या तारखेनंतर आलेल्या एका कारखान्याने ही तारीख मनमानी असल्याचा दावा केला. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. रेषा कुठेतरी ओढावीच लागते, ती गणिती अचूकतेने ओढता येत नाही आणि निवडलेली तारीख निव्वळ लहरी दिसत नसेल तर ती मान्य करावी, असा त्याचा आशय होता. शिवाय त्या तारखेमागे कारणही होते. सवलत जाहीर झाल्यावर मोठ्या कारखान्यांनी स्वतःचे तुकडे करून 'छोटे' म्हणून रांगेत उभे राहू नये, हा तिचा हेतू होता. न्यायाधीशांना स्वतःला ही तारीख आवडली असती की नाही, हा प्रश्नच निघाला नाही. आपल्या प्रतिक्रियेत न्यायालयाकडून ज्या संयमाची अपेक्षा आहे, तो इथे पुरेपूर दिसतो.

मग १९६७ ची तारीख टिकली आणि २००७ ची का टिकली नाही? यावर एक चांगला प्रतिवाद करता येतो. घोषणा वृत्तपत्रांत आल्यानंतर अर्जांची झुंबड उडाली, म्हणून घोषणेपूर्वी खऱ्या गरजेने आलेल्यांचाच विचार केला, असे विभाग म्हणू शकत होता. वरवर पाहता हा आगपेटीच्या खटल्यातलाच तर्क वाटतो. फरक असा की आगपेटीच्या कारखान्यांना 'अमुक तारखेपर्यंत या' असे सांगून नंतर ती तारीख मागे ओढलेली नव्हती. इथे विभागाने स्वतःच सात दिवसांची मुदत जाहीर केली आणि त्या शब्दावर विसंबून लोक आले. ते आल्यावर, कोण कोणत्या दिवशी आला याची यादी समोर असताना, मुदत मागे नेली गेली. नावे समोर नसताना ओढलेली रेषा अर्जदारांचा एक वर्ग ठरवते. नावे समोर आल्यावर ओढलेली रेषा, ओढणाऱ्याचा हेतू काहीही असो, प्रत्यक्षात माणसे निवडते. एखाद्या नियमाचे शब्द सर्वांसाठी सारखे असले, तरी तो नियम ठरवण्याची वेळ त्याचे स्वरूप बदलू शकते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्येच ही मागे ओढलेली तारीख बेकायदेशीर ठरवली होती, आणि तोपर्यंत लिलाव हवा की नको या वादाशी तिचा काहीही संबंध नव्हता.

थोडी कल्पना करा. विभागाने २४ सप्टेंबरच्याच पत्रकात 'उद्या, २५ सप्टेंबर ही शेवटची तारीख' असे लिहिले असते, तर एका दिवसाची मुदत अव्यवहार्य असल्याची टीका झाली असती, पण मला वाटते न्यायालयाने फार तर भुवया उंचावून ती मान्य केली असती. किंवा १ ऑक्टोबरनंतर अर्ज फार झाल्याचे पाहून विभागाने सर्वांना कळवले असते की आता पात्रतेचे अमुक निकष लावू, त्यांची पूर्तता करण्यासाठी सर्वांना एक महिना देऊ, तर तेही बहुधा टिकले असते. सरकारने एकदा ठरवलेले बदलूच नये, असा कायदा नाही. बदल का केला याचे त्या उद्दिष्टाशी जुळणारे कारण हवे, तो सर्वांना एकाच वेळी कळायला हवा आणि नव्या अटीप्रमाणे वागण्याची वाजवी संधी सर्वांना मिळायला हवी, एवढेच न्यायालय मागते. यांपैकी कोणत्याही मागणीत धोरण कसे असावे याबद्दल अवाक्षरही नाही.

न्यायालय हे तपासते कसे, तेही सांगतो, कारण 'मनमानी' हा शब्द कोणाच्या मनाला येईल तसा चिकटवला जातो, असा आपला समज दिसतो. तपासणी मुख्यतः कागदांवर होते. निर्णय झाला त्या दिवशी नस्तीत कोणते कारण लिहिले होते, हे पाहिले जाते. मोहिंदर सिंग गिल खटल्यात १९७७ साली न्यायालयाने ठरवले की आदेशाची वैधता त्यात दिलेल्या कारणांवरच तोलली जाईल, आव्हान मिळाल्यावर शपथपत्रातून नवी कारणे जोडता येणार नाहीत. कोळसा खाणपट्ट्यांच्या प्रकरणात २०१४ मध्ये हेच झाले. छाननी समितीच्या ३६ बैठकांची इतिवृत्ते न्यायालयाने वाचली. अर्जदारांची तुलना कशी केली आणि एकाला का निवडले व दुसऱ्याला का नाकारले, हे त्यांतून कळत नव्हते. मार्गदर्शक सूचना होत्या, पण त्या एका बैठकीत लावल्या जात आणि दुसऱ्या बैठकीत बाजूला ठेवल्या जात. तिथेही लिलाव न केल्याबद्दल दोष दिला गेला नाही. नाकारलेल्या अर्जदाराने कारण विचारले असते तर समितीला स्वतःच्याच कागदांतून ते दाखवता आले नसते, हा खरा दोष होता. विवेकाधिकार वापरला म्हणजे विवेक केला, आणि विवेक केला असेल तर त्याची खूण कुठेतरी उमटते.

रेषा नेहमीच इतकी ठळक असते, असे मात्र मी म्हणणार नाही. निकष लिहिलेला आहे, कारणही नोंदवलेले आहे, पण ते कारण कच्चे आहे, अशी प्रकरणे खूप येतात, आणि त्यांत दोन न्यायाधीश प्रामाणिकपणे दोन दिशांना जातात. उलट बाजूचा धोकाही खरा आहे. मनमानीच्या भीतीने अधिकारी निकषाचे यंत्रासारखे पालन करू लागला आणि अपवादात्मक अर्जाकडे पाहायलाच तयार झाला नाही, तर तोही विवेकाधिकार न वापरण्याचा दोष ठरतो.

शेवटी परवाने रद्द करण्याबद्दल. दोष सापडला की सगळे उलथवायचे, असा न्यायालयाचा नियम नाही. १९७९ च्या रमणा दयाराम शेट्टी खटल्यात मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेत किमान पाच वर्षांचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत द्वितीय श्रेणी हॉटेलचालकांनाच बोलावले होते आणि कंत्राट मात्र ती अट पूर्ण न करणाऱ्याला दिले गेले. स्वतः जाहीर केलेल्या निकषाला प्राधिकरण बांधील आहे, हे तत्त्व न्यायालयाने तिथे ठामपणे मांडले. तरीही कंत्राट रद्द केले नाही. याचिकाकर्त्याने निविदाच भरलेली नव्हती, तो उशिरा आला होता आणि दरम्यान कंत्राटदाराने बराच खर्च केला होता. टू-जी प्रकरणात १२२ पैकी काही परवानाधारकांनी कोणतीही चलाखी केली नसावी, आणि त्यांच्या बाबतीत सरसकट रद्द करण्यापेक्षा वेगळा उपाय शोधता आला असता का, या प्रश्नावर आपण वाद घातलात तर मी आपल्या बराच जवळ उभा असेन. पण तो वाद उपायाबद्दलचा आहे. २५ सप्टेंबर ही तारीख धोरण होती की नाही, हा प्रश्न त्याने बदलत नाही.