बाकी तीन की दोन?

कोडं टाइप करून आलं तर माझी काही तक्रार नसते. पण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोडं कधी टाइप होऊन येतच नाही. वहीच्या पानाचा फोटो येतो. तो ट्यूबलाइटखाली काढलेला असतो, पानावर काढणाऱ्याच्या डोक्याची सावली पडलेली असते आणि खाली हुकूम असतो, ‘दोन मिनिटांत उत्तर द्या’. मग मला टॅग केलं जातं, कारण मी गणित शिकवतो हे मुलुंडच्या आमच्या इमारतीत वॉचमनलाही माहीत आहे.

यंदा गणपतीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी टाकलेलं कोडं असं होतं : मोदक ६-६ च्या ओळीत मांडले तर ५ उरतात, ११-११ च्या ओळीत मांडले तर ७ उरतात, ८-८ च्या ओळीत मांडले तर ३ उरतात. मोदक ३०० पेक्षा कमी आहेत, तर एकूण किती?

हे इथे स्वच्छ दिसतंय ते मी स्वच्छ लिहिलं म्हणून. काकू अर्धे आकडे मराठीत लिहितात, अर्धे इंग्रजीत. त्यामुळे शेवटच्या ओळीतलं ते वळण इंग्रजी 8 होतं की घाईत लिहिलेला मराठी ४, हे देवालाच ठाऊक. त्यापुढच्या बाकीवर तुपाचा डाग. डागाखालून डोकावत होता तो ३ असेल किंवा २. बाकी जाऊ दे, २२-२५ घरांच्या सोसायटीत एवढ्या उकडीच्या मोदकांची तीन-तीनदा मांडामांड कोण करतं, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. तिसऱ्या मांडणीपर्यंत निम्म्या पाऱ्या फाटलेल्या असतात.

सकाळच्या फास्ट लोकलमध्ये हे सोडवायचं म्हणजे कागद-पेन नाही. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात फोन. अशा वेळी चालणारी एकच पद्धत आहे आणि ती कॉलेजातल्या पद्धतीपेक्षा सरळ आहे. सगळ्यात मोठ्या ओळीपासून सुरुवात करायची, कारण मोठी ओळ सगळ्यात जास्त आकडे एका झटक्यात बाद करते. ११ ने भागून ७ उरणारे आकडे कोणते? ७, १८, २९, ४०, ५१… प्रत्येक वेळी ११ ची उडी. आता यांतला ८ ने भागून ३ उरणारा पहिला शोधायचा. ७ ची बाकी ७, १८ ची २, २९ ची ५, ४० ची शून्य, ५१ ची ३. सापडला. दोन अटी चार उड्यांत संपल्या आणि अजून घाटकोपरही आलेलं नाही.

इथेच नव्वद टक्के मंडळी घसरतात. ५१ ला ६ ने भागलं तर ३ उरतात, हवेत ५. म्हणून पुन्हा ११ ची उडी मारून ६२ वर जातात, आणि ६२ ला ८ ने भागलं की उरतात ६. म्हणजे हातात आलेली अट हातातून गेली. पहिल्या मजल्यावरच्या एका सद्गृहस्थांनी ११ आणि ८ मिळून १९ ची उडी मारली आणि ७० वर उतरले. तिथे ११ ची बाकीही बिघडली (४ झाली) आणि ८ ची तर बिघडलीच. खरं म्हणजे ५१ मध्ये दोन अटी पाळल्या जातात. दोन्ही बाक्या न हलवता पुढे सरकायचं, तर अशीच उडी हवी जिला ११ नेही पूर्ण भाग जातो आणि ८ नेही. अशी सगळ्यात लहान उडी ८८ ची. म्हणून ५१, मग १३९, मग २२७. यांना ६ ने भागा : बाकी ३, १, ५. तिसऱ्यालाच ५. उत्तर २२७.

पडताळा कडी न सोडता होतो. ६ गुणिले ३७ म्हणजे २२२, उरले ५. ११ गुणिले २० म्हणजे २२०, उरले ७. ८ गुणिले २८ म्हणजे २२४, उरले ३.

उत्तर टाकलं आणि दादर येईपर्यंत ग्रुपचे दोन पक्ष झाले. एक पक्ष २२७ चा, दुसरा ९५ चा. ९५ वाल्यांनी ते वळण मराठी ४ वाचलं होतं. त्यांचंही गणित चुकलेलं नव्हतं : ९५ ला ४ ने भागून ३ उरतात, ६ ने ५, ११ ने ७. मग खरं काय? याचा निवाडा हस्ताक्षरतज्ज्ञाकडे न जाता होतो. ४, ६ आणि ११ या तिघांनीही पूर्ण भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या १३२. म्हणजे ९५ नंतरचं पुढचं उत्तर ९५ अधिक १३२, आणि ते किती? २२७! ४ वाचलं तर ३०० च्या आत दोन उत्तरं बसतात, ८ वाचलं तर एकच. कोडं घालणारा वरची मर्यादा देतो ती एकच उत्तर उरावं म्हणून. तेव्हा तो 8 च होता. ९५ वाले गप्प बसले नाहीत, पण आवाज कमी झाला.

या मर्यादेवरून आणखी एक चूक कळते. कोणी तरी लिहिलं की ६ गुणिले ११ गुणिले ८ म्हणजे ५२८, म्हणून पुढचं उत्तर २२७ अधिक ५२८, म्हणजे ७५५. तसं नाही. ६ आणि ८ दोघांच्याही पोटात २ आहे आणि तो दोनदा मोजायचा नसतो. खरी फेरी २६४ ची, म्हणून मधे ४९१ हेही एक उत्तर आहे. मर्यादा ५०० ची असती तर या गृहस्थांनी एक उत्तर गिळलं असतं.

आता डागाकडे येऊ. समजा डागाखाली २ आहे, म्हणजे ८-८ च्या ओळीत २ उरतात. तर उत्तरच नाही, आणि हे आकडेमोड न करता सांगता येतं. ६ ने भागून ५ उरतात म्हणजे संख्या विषम. ८ ने भागून २ उरतात म्हणजे संख्या सम. एकच ताट एकाच वेळी सम आणि विषम असू शकत नाही, निदान आमच्या सोसायटीत तरी. दोन भाजकांत एखादा सामाईक भाग असला, तर त्या भागाने भागल्यावर दोन्ही बाक्या एकच बोलल्या पाहिजेत. ६ आणि ९ असते तर ३ ने भागून तपासलं असतं.

ज्याला हे सुचत नाही तो उड्या मारत बसतो. बाकी २ धरून ११ च्या उड्यांत पहिला मिळतो १८, मग ८८ ने १०६, १९४. ६ ने भागल्यावर बाक्या ०, ४, २, आणि पुढे २८२ ला पुन्हा ०. हा पाळणा फक्त तीन घरांत फिरतो, ५ चं घर त्याच्या वाटेवरच नाही. तेव्हा बाक्यांचा क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला की तिथेच थांबायचं. सातव्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा दीड हजारापर्यंत गेला होता. मी थांबवलं नसतं तर विसर्जनापर्यंत पोचला असता.

मधेच कोणी तरी ‘हे चिनी गणित आहे’ असं ज्ञान टाकलं. अर्धं खरं आहे. सुन-त्झूच्या जुन्या चिनी गणितग्रंथात ३, ५, ७ ने भागून २, ३, २ उरणारी संख्या विचारली आहे, उत्तर २३. पण आर्यभटाने ४९९ मध्ये अशा संख्या काढायची रीत श्लोकात बसवली होती आणि तिला पुढे कुट्टक म्हणू लागले. कुट्टक म्हणजे कुटणारा : मोठे भाजक एकमेकांनी भागत भागत बारीक करायचे. ग्रहगणितात भाजक लाखांत जातात, तिथे माझ्या लोकलमधल्या उड्या जन्मभर पुरल्या नसत्या, कुटणंच भाग होतं. आर्यभटीयावर ६२९ मध्ये भाष्य लिहिणाऱ्या पहिल्या भास्कराचं उदाहरण मात्र उड्यांनीच सुटतं : ८ ने भागून ५, ९ ने ४, ७ ने १. नऊच्या उड्या, ४ आणि १३. १३ ला ८ ने भागून ५, झालं. पुढची उडी ७२ ची, ८५. सातने भागून १. दोनदा उडी मारली की भाष्यकार खूश.

संध्याकाळी काकूंकडे आरतीला गेलो आणि मूळ वही मागितली. आठ इंग्रजीच होता. पण वहीवर डाग नव्हता. डाग त्यांच्या फोनच्या कॅमेऱ्यावर होता. आणि बाकी होती स्वच्छ, गोलसर, मराठी २.

“काकू, हे चुकलंय. दोन उरूच शकत नाहीत.”

“चुकेल कसं? कुठून उतरवलेलं नाही हे. मंडळाच्या मोदकांचं आहे. मी स्वतः मांडून मोजलेत. आधी सहा-सहा, मग अकरा-अकरा, शेवटी आठ-आठ.”

क्रम ऐकला आणि मनातल्या मनात २२६ ला ८ ने भागलं. २८ ओळी, उरले २. म्हणजे अकराच्या मांडणीपर्यंत ताटात २२७ होते.

“काकू, अकराचं मोजून झाल्यावर आठाचं मांडेपर्यंत ताटाजवळ कोण होतं?”

काकूंनी आत बघितलं. काका टीव्हीचा आवाज वाढवत होते.