तीन शिफ्ट, बारा टर्मिनल आणि लायसन्सचं ऑडिट

ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टोअर, प्रॉडक्शन, हिशोब सगळं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर घेताना आपल्याकडे सगळी घासाघीस पर युजर रेटवर होते. डिस्काउंट किती, एएमसी किती, पहिल्या वर्षी फुकट काय देताय वगैरे. पण युजर म्हणजे नक्की कोण, हे कोणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे की तीन शिफ्ट चालणाऱ्या प्लांटला रेटपेक्षा हा प्रश्न जास्त महाग पडतो, आणि ते कळतं कधी, तर व्हेंडरचं ऑडिटचं पत्र आल्यावर.

युजर मोजायच्या दोन पद्धती, कन्करंट आणि नेम्ड. कन्करंट म्हणजे एका वेळी किती जण आत आहेत ते मोजायचं, नेम्ड म्हणजे ज्यांची नावं यादीत आहेत ते सगळे मोजायचे, मग ते आज आले असोत नसोत. मंगल कार्यालयाचे पैसे पंगतीतल्या पानांवर द्यायचे की पत्रिका दिलेल्यांच्या यादीवर, असा हा फरक आहे. हे बहुतेकांना माहीत असतं. पण एक गोष्ट सहसा सुटते. कन्करंटमध्ये लिमिट संपलं की पुढचा माणूस लॉगिनलाच अडतो, स्टोअरवाला लगेच आयटीला फोन करून शिव्या घालतो, म्हणजे कमी पडतंय हे त्याच दिवशी कळतं. नेम्डमध्ये निदान एसएपीसारख्या सिस्टिममध्ये तसं होत नाही. करार 70 युजरचा असला तरी युजर बनवायच्या SU01 स्क्रीनवर एकाहत्तरावा युजर आरामात तयार होतो, शंभरावाही होतो, कोणी अडवत नाही, सगळं सुरळीत चालतं आणि मोजणी नंतर होते. त्यामुळे कन्करंटवर वाढलेल्या टीमच्या सवयी नेम्डमध्ये तशाच आल्या की वर्षानुवर्षं कोणाला काही जाणवतच नाही.

आणि कन्करंट आता फारसं उरलेलंही नाही. मायक्रोसॉफ्टचं नॅव्ह हे ईआरपी 2018 च्या व्हर्जनपर्यंत कन्करंटवर मिळायचं, त्याच्या जागी बिझनेस सेंट्रल आलं ते नेम्डवर. आपल्याकडच्या छोट्यामोठ्या कारखान्यांनी नॅव्ह घेतलंच मुळी या कन्करंटसाठी, आणि अपग्रेडच्या कोटेशनमध्ये युजरचा आकडा दुप्पट बघून मालक म्हणतो की माणसं तर तेवढीच आहेत! हो साहेब, माणसं तेवढीच आहेत, आधी ती सगळी मोजत नव्हते एवढंच.

आता एक हिशोब मांडतो. आकडे माझे आहेत, फक्त समजायला घेतलेत, पण चाकण-भोसरीकडच्या ऑटो कंपोनंटवाल्यांना ओळखीचे वाटतील. ऑफिसात 35 जण ईआरपी वापरतात. शॉपफ्लोरवर, स्टोअरमध्ये, डिस्पॅचला मिळून 12 टर्मिनल. प्रत्येक टर्मिनलवर तीन शिफ्टचे तीन आणि विकली ऑफचा एक रिलीव्हर, म्हणजे चार माणसं. कन्करंट असतं तर 35 अधिक 12, म्हणजे 47 पुरले असते, फार तर शिफ्ट बदलताना जुना सेशन लॉगऑफ न करता माणूस घरी जातो म्हणून चार-पाच जादा ठेवायचे. नेम्डमध्ये 35 अधिक 48, म्हणजे 83. करार केलाय 70 चा, कारण सेल्सवाल्याने पीपीटीत जो आकडा टाकला तो कोणी तपासला नाही.

मग 70 मध्ये भागवायचं कसं, तर टर्मिनलला एक आयडी. STORE01, DISP02 असले. पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. चौघं एकाच नावाने काम करतात, सुपरवायझरलाही सोयीचं, आयटीलाही.

इकडे यादीत दुसरीच गर्दी जमत असते. नोकरी सोडून गेलेले 17 जण, त्यांचा आयडी लॉक केलाय म्हणून आयटी निवांत. इम्प्लिमेंटेशनला आलेले 11 कन्सल्टंट, जे केव्हाच दुसऱ्या प्रोजेक्टवर गेले. आणि 7 जण असे की प्रॉडक्शन म्हणजे रोजच्या कामाच्या सिस्टिममध्ये एक आयडी आणि क्वालिटी म्हणजे टेस्टिंगच्या सिस्टिममध्ये वेगळ्या स्पेलिंगने दुसरा, त्यामुळे एकच माणूस दोनदा.

एसएपीत ही मोजणी USMM ने होते, प्रत्येक सिस्टिमवर वेगळी, मग SLAW मध्ये सगळ्या सिस्टिमची गोळाबेरीज होते. तिथे माणूस जुळवायचा तो आयडी, नाव, ईमेल असल्या गोष्टींवरून. जुळलं नाही की दोन माणसं. आणि लॉकचं काय, तर लॉक केलेला युजरसुद्धा मोजला जातो. मोजणीतून बाहेर काढायचा असेल तर त्याची वैधतेची तारीख संपलेली पाहिजे. बहुतेक ठिकाणी ती 31.12.9999 असते किंवा रिकामीच असते. आयटीचा पोरगा मन लावून लॉक मारत बसतो आणि मोजणीला त्याचं सोयरसुतक नसतं, हे मला आजही वैतागवाणं वाटतं, पण आहे ते असं आहे.

तर आकडा येतो 35 अधिक 12 अधिक 17 अधिक 11 अधिक 7, म्हणजे 82. करार 70 चा. मॅनेजमेंटला बीपीची गोळी. मग साफसफाई होते, गेलेले काढा, कन्सल्टंट काढा, डबल काढा, आणि आकडा येतो 47. सगळे खूश, 23 लायसन्स शिल्लक, पुढच्या मीटिंगला टाळ्या. इथेच खरी गंमत आहे. शेअर केलेल्या 12 आयडींमागे 48 माणसं बसलीत. नेम्ड युजरच्या करारात एक आयडी एका माणसाचा. माणूस सोडून गेला की ते लायसन्स दुसऱ्याला देता येतं, पण सकाळी एकाला, दुपारी दुसऱ्याला, रात्री तिसऱ्याला असं फिरवता येत नाही. खरा आकडा 83, म्हणजे तुम्ही 13 ने कमी आहात. आधी 12 ने कमी दिसत होतात आणि आता 13 ने कमी आहात, पण पहिला आकडा सगळा कचऱ्याचा होता आणि दुसरा खऱ्या माणसांचा आहे.

ऑडिटरला हे कळतं का? कळतं हो. एकच युजर एकाच वेळी दोन ठिकाणांहून लॉगिन असला की त्याची नोंद USR41_MLD टेबलमध्ये राहते. ते नसलं तरी STORE01 ने सकाळी सात वाजता जीआरएन, म्हणजे माल आल्याची नोंद केली, रात्री अकराला केली आणि पहाटे चारलाही केली, असं महिनाभर रोज दिसलं तर तो माणूस झोपतो कधी, एवढंच विचारायचं बाकी राहतं. आणि मुळात आयडीचं नाव STORE01 आहे, यात लपवायला उरलंय काय.

पैशात बघा. एक लायसन्स दीड लाखाचं धरू, हाही हिशोबापुरता आकडा. ऑडिटमध्ये कोणी साफसफाईही केली नव्हती आणि शेअरिंगही पकडलं गेलं, तर 82 मधले 12 शेअर आयडी काढून त्यांच्या जागी 48 धरतील, म्हणजे 118. कमी पडले 48, म्हणजे 72 लाख. त्यावर सपोर्टचे 22 टक्के धरले तर दरवर्षी आणखी 15 लाख 84 हजार, आणि मागच्या वर्षांचा सपोर्टही मागतात ते वेगळंच. साफसफाई आधीच झालेली असेल आणि 13 तुम्ही स्वतःहून घेतले तर साडेएकोणीस लाख. शिवाय पत्र यायच्या आधी गेलात तर तुम्ही गिऱ्हाईक असता, डिस्काउंट मागू शकता, शॉपफ्लोरसाठी स्वस्त युजर प्रकार करारात बसतो का हे बोलू शकता. पत्र आल्यावर त्याच टेबलावर तुमची बाजू एकदम पातळ होते.

साफसफाईला फार अक्कल लागत नाही. RSUSR200 रिपोर्ट चालवला की कोण किती दिवसांत लॉगिन झालं नाही ते दिसतं. SE16 मधून USR02 काढला तर TRDAT मध्ये शेवटच्या लॉगिनची तारीख, GLTGB मध्ये वैधता कधीपर्यंत, UFLAG मध्ये लॉक. जिथे UFLAG 64 आहे, म्हणजे अॅडमिनने लॉक केलाय, आणि GLTGB पुढचं किंवा रिकामं आहे, ती तुमची फुकट मोजली जाणारी माणसं. SU10 मधून एकगठ्ठा तारीख लावता येते. पण एचआरकडून सोडून गेलेल्यांची यादी तारखांसकट मेलवर घ्या आणि ती जपून ठेवा, कारण पत्र आल्यानंतर आठवड्याभरात पस्तीस युजरची वैधता संपवली तर समोरचा विचारणारच, आणि त्याच्यापुढे ठेवायला एचआरची मेल असली तर विषय तिथेच संपतो. खरं तर ही मेल दर महिन्याला आपोआप यायला पाहिजे. आपल्याकडे एचआर फुल अँड फायनल करताना लॅपटॉप, आयकार्ड, सिमकार्ड, कँटीनची कुपनंसुद्धा परत घेतं, ईआरपीचा आयडी मात्र त्या नो ड्यूजच्या कागदावर नसतो.

दुसरं म्हणजे SU01 मधली लायसन्स डेटाची टॅब. युजरला प्रकार लावलेलाच नसेल तर मोजणीत तो सहसा महागड्या प्रोफेशनलमध्ये जाऊन बसतो. फक्त जीआरएन करणारा पोरगा फायनान्स हेडच्या भावाने मोजला जातो. प्रकार लावताना आजची प्राइस लिस्ट बघू नका, तुमच्या सहीच्या करारात व्याख्या काय लिहिलीय ती बघा. तो करार बऱ्याच कंपन्यांत सापडतच नाही, पर्चेसच्या कपाटात असतो किंवा रिटायर झालेल्या साहेबांच्या मेलबॉक्समध्ये.

आता कोणीतरी म्हणेल की मग शॉपफ्लोरवर ईआरपीच देत नाही, बारकोडचं छोटं अॅप करतो, ते मागून एकाच आयडीने पोस्टिंग करेल, 48 चे प्रश्नच मिटले. थांबा. लंडनच्या हायकोर्टात फेब्रुवारी 2017 मध्ये एसएपी विरुद्ध डियाजिओ या दारूच्या कंपनीचा निकाल लागला. डियाजिओचे सेल्सवाले आणि ग्राहक सेल्सफोर्सवर बनवलेल्या दोन सिस्टिम वापरत होते आणि त्या मागून एसएपीशी बोलत होत्या. कोर्टाने धरलं की हाही वापरच आहे आणि त्याला नेम्ड युजर लागतात. एसएपीची मागणी साडेपाच कोटी पाउंडच्या आसपास होती. त्यावर एवढी ओरड झाली की 2018 मध्ये एसएपीने अशा वापरासाठी माणसांऐवजी तयार होणारी डॉक्युमेंट मोजायचा पर्याय आणला. त्यात मटेरियल डॉक्युमेंट 0.2 ने धरतात, प्रॉडक्शन कन्फर्मेशन, म्हणजे काम झाल्याच्या नोंदीसारखं मॅन्युफॅक्चरिंगचं डॉक्युमेंट पूर्ण एक धरतात, आणि नुसतं वाचायला काही लागत नाही. म्हणजे बारकोड अॅप करायला हरकत नाही, काही प्लांटला ते स्वस्तही पडेल, पण आधी तुमचे महिन्याचे कन्फर्मेशन किती होतात ते मोजा आणि डॉक्युमेंटचा पर्याय करारात लेखी घ्या.

मला विचाराल तर तीन शिफ्टच्या प्लांटला कन्करंटच न्यायाचं होतं. मशीन एक, टर्मिनल एक, त्यासमोर एका वेळी माणूस एक. चार लायसन्सचे पैसे कशाला? व्हेंडरला त्यात कमाई दिसते म्हणून ते गेलं, यात मला तरी शंका नाही. पण करार सही करून झालाय तिथे चरफडून उपयोग नाही. ज्यांचा अजून व्हायचाय त्यांनी सेल्सवाल्याला पीपीटी बंद करायला सांगून एवढंच विचारा, की माझ्या एका टर्मिनलवर चार माणसं बसतात, मला लायसन्स किती लागतील, आणि उत्तर मेलवर पाठवा.