‘वाचून दाखवलेलं कोण ऐकतं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

उंचीवरच्या कामाचा सेफ्टी टॉक सुपरवायझरने सकाळी कामगारांना कागदावरून वाचून दाखवावा, असं मी लिहिलं होतं आणि त्या कागदाचा नमुनाही दिला होता. त्यावर एक प्रतिक्रिया अशी होती: “४२ स्लाइडच्या सेफ्टी डेकचा तुम्ही पाच मिनिटांचा कागद केलात, ही थट्टा आहे. वाचून दाखवलेलं कोण ऐकतं? कायदा, पीपीई, आणीबाणीची व्यवस्था कुठे गेली? शिवाय नमुन्यात हुक ‘डोक्यावरच्या वायरला’ लावा म्हटलंय, ती वायर झोल खाते. साइटवर कधी उभे राहिलात का?”

उभा राहिलोय, अकरा वर्षं, आणि सकाळच्या शिफ्टलाच. मुद्दा मांडायला हा सूर लागतोच का, हे तुमचं तुम्ही ठरवा. ‘थट्टा’ हा शब्द मात्र नमुना नीट वाचणाऱ्याला सुचला नसता.

वायरचं मान्य. बारीकशी दुरुस्ती आहे, खाली केली आहे.

आता वाचनाचं. डेकमधलं वाक्य जसंच्या तसं वाचलं तर कोणीच ऐकत नाही, हे मलाही ठाऊक आहे. सतराव्या स्लाइडवर काय आहे? “योग्य अँकर निवडावा व पुरेसे क्लिअरन्स सुनिश्चित करावे.” अँकर म्हणजे हुक अडकवायची जागा, क्लिअरन्स म्हणजे खालची मोकळी उंची. पण यातलं ‘योग्य’ आणि ‘पुरेसे’ सुपरवायझरने बोटाने दाखवायचं तरी कुठे? स्क्रिप्ट करणं म्हणजे वाक्य छोटं करणं नव्हे. आजच्या कामापुरतं त्या दोन शब्दांचं उत्तर काढून कागदावर ठेवायचं. हिशेब आदल्या दिवशी सेफ्टीवाल्याने करायचा, सुपरवायझरने फक्त उत्तर वाचायचं.

तो हिशेब करून दाखवतो. काम स्लॅबच्या कडेला, खालची जमीन ४ मीटरवर. लॅनयार्ड, म्हणजे हार्नेस आणि हुक जोडणारा पट्टा, १.८ मीटरचा. पडतानाचा झटका शोषणारा त्याचा शॉक अब्सॉर्बर उघडला की आणखी १.२ मीटर लांबतो (हा आकडा त्याच्या लेबलवरून घ्यायचा, अंदाजाने नाही). हार्नेसच्या पाठीवरच्या कडीपासून तळपायापर्यंत दीड मीटर, शिवाय १ मीटर राखीव. एकूण साडेपाच, आणि हे मोजायचं हुकापासून खाली. हुक पायाजवळच्या पाइपला असेल तर स्लॅबखाली साडेपाच मीटर मोकळे हवेत, आहेत चार. म्हणजे हार्नेस घातलेला, हुक लावलेला माणूस जमिनीवर आपटतो. तोच हुक स्लॅबपासून २ मीटर उंचीवरच्या बीमला लावला तर खाली साडेतीन पुरतात, अर्धा मीटर शिल्लक राहतो. पण खाली सळयांचा मीटरभर ढीग असेल तर तोही संपला. आणि आडव्या वायरला हुक असेल तर माणसाच्या वजनाने ती जितकी खाली येते तेवढं साडेतीनमध्ये वाढतं. अर्धा मीटर ती सहज खाते.

ऐकण्याचं म्हणाल, तर लोकांचं लक्ष उडतं ते वाचण्यामुळे नाही. सुपरवायझरची मान कागदात असते आणि त्याच वेळी सह्यांचं रजिस्टर हातोहात फिरत असतं, म्हणून उडतं. त्यासाठी स्क्रिप्टमध्येच चौकटीत ‘थांबा, वर बघा’ असं लिहायचं आणि सह्या शेवटी घ्यायच्या. मजकूर अडीचशे शब्दांच्या आत ठेवायचा. नुसतं वाचायला दोन-अडीच मिनिटं लागतात, उरलेला वेळ थांबण्याचा आणि विचारण्याचा. ‘समजलं का?’ हा प्रश्न तर खोडूनच टाका. त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. एकाला नाव घेऊन पुढे बोलवायचं आणि हुक कुठे लावणार ते हाताने दाखवायला लावायचं. त्याने पायाजवळच्या पाइपकडे बोट केलं तर टॉक अजून झालेला नाही, पुन्हा सांगा. ही परीक्षा स्लाइड दाखवून होत नाही. पंचेचाळीस मिनिटं अंधारात बसवलेला माणूस काय घेऊन बाहेर पडतो, ते तुम्ही कधी विचारून पाहिलंय का, हा माझा उलट प्रश्न.

कायदा आणि पीपीईची यादी नव्या कामगाराच्या इंडक्शनमध्ये असते, तिथेच राहू द्या. आणीबाणीचं एक वाक्य खाली आहे, दिसलं नसेल तर पुन्हा वाचा.

नमुन्यातला तो भाग आता असा:

“आज पूर्वेच्या कडेला काम आहे. जमीन चार मीटर खाली. हुक डोक्यावरच्या बीमलाच लावायचा. पायाजवळच्या पाइपला नाही, वायरलाही नाही. पाइपला लावला तर पट्टा पूर्ण उघडायच्या आत माणूस जमिनीला लागतो. [थांबा, वर बघा. एकाला बीम दाखवायला सांगा.] कडेखालचा सळयांचा ढीग हलवल्याशिवाय कोणी कडेला जाणार नाही. हुक बीमपर्यंत पोचत नसेल तर काम थांबवून मला हाक मारा. कोणी लटकला तर आधी मला हाक, मग शिडी. ती जिन्याशेजारी उभी आहे, एरवी तिथून हलवायची नाही. [एकाला विचारा: शिडी कुठे आहे?]”