दुप्पट भाव खोडून दाखवलेली सूट

"आधी भाव दुप्पट लिहा, मग ५०% सूट लावा आणि शेवटी ९९ ठेवा. गिऱ्हाईक खूश, आपणही खूश. सगळेच करतात, त्यात फसवणूक कसली?" (व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फिरणारा सल्ला)

आधी दिसलेला मोठा आकडा मनात रुतून बसतो, एवढं यात खरं आहे. पण ज्या वस्तूचा भाव माहीत नाही तिथे तो जास्त चालतो. आखाजीच्या साडीसाठी बाया चार दुकानं पालथी घालतात, त्यांच्यापुढे १४०० खोडून दाखवले की "मांगला महिनामा बी हाऊच भाव व्हता ना?" हा प्रश्न आलाच समजा.

अमळनेरच्या एखाद्या दुकानातली साडी धरू. खरेदी ६२० ची, आखाजीपर्यंत खरोखर ८५० ला विकलेली. सण झाल्यावर उरलेला माल ६९९ ला काढला. पाटी अशी: "८५० ऐवजी ६९९, १५१ रुपये कमी". १८ टक्के म्हणण्यापेक्षा १५१ रुपये मोठे वाटतात, आणि दोन्ही खरेच आहेत. १४०० लिहिले असते तरी गल्ल्यात ६९९ च आले असते. मात्र ८५० ची जुनी बिलं दाखवता येतात, १४०० ची कुठून आणणार?

सूट खरी असली की ती झोंबतेही. साडीमागे २३० सुटत होते, आता ७९. तेवढीच कमाई हवी तर जवळपास तिप्पट साड्या खपायला हव्यात. म्हणून पाटीवर शेवटची तारीख लिहावी आणि त्या दिवशी ती उतरवावी. बारा महिने टांगलेल्या पाटीने ६९९ हाच नेहमीचा भाव होतो, मग ८५० ला कोणी हात लावत नाही.

जुना भावच नसेल तर ८५० च्या साडीशेजारी १२५० ची चांगल्या पोताची साडी मांडा. ती खरंच विकायला ठेवलेली असली म्हणजे झालं.

९९ ची जादू शेवटच्या नवांत नसते, डावीकडचा आकडा बदलण्यात असते. ८०० चे ७९९ केले तर आठाचे सात दिसतात, एक रुपयात काम होतं. ८६० चे ८४९ केले तर आठ तसाच राहतो, अकरा रुपये बहुतेक वाया. (आणि सुट्टा रुपया परत द्या हो, चॉकलेट नको.)

राहिलं "सगळेच करतात". वस्तू एरवी कोणत्या भावाने विकली जाते याबद्दल लोकांची दिशाभूल करणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरतं. पाकीटबंद मालावरची छापील एमआरपी खोडणं किंवा वाढवणंही दुकानदाराला चालत नाही. आणखी एक बारकावा: खोडलेला भाव कोणाचा ते लिहिलं नाही, तर कायदा तो बाजारातला सर्वसाधारण भाव धरतो. तेव्हा नुसते "८५०" लिहू नका, "आमचा आखाजीपर्यंतचा भाव ८५०" असं लिहा.