'गोळी घ्या'च्या पुढचं एक अक्षर

गेली काही वर्षं मी म्हापशात संध्याकाळी घरी मराठी बोलायला शिकवते. येणाऱ्यांत केरळहून आलेल्या नर्स बऱ्याच असतात. गोव्यात नोकरी करायची तर त्यांना कोकणी लागतेच, पण इथल्या इस्पितळांत सावंतवाडी, बांदा, दोडामार्गहून येणारे पेशंट खूप, आणि ही माणसं नर्सशी मराठीत बोलतात. म्हणून त्या माझ्याकडे येतात.

त्यातली एक मुलगी मे महिन्यात रडवेली होऊन आली. वॉर्डात एक आजी होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांना ती दोन दिवस "गोळी घ्या" असं सांगत होती. व्याकरण शुद्ध, आदरार्थी बहुवचन अचूक. तरी आजींच्या सुनेनं तिला सुनावलं, "किती तुसडं बोलता हो सिस्टर." मग तिच्याबरोबर काम करणाऱ्या कोल्हापूरच्या नर्सनं सल्ला दिला, नुसतं 'घ्या' म्हणू नकोस, 'घ्या की' म्हण, गोड वाटतं. हिनं तिसऱ्या दिवशी आजींना सांगितलं, "आजी, गोळी घ्या की." आजींनी तोंडच फिरवलं.

तिच्याजवळचं पुस्तक मी उघडून पाहिलं. 'गोळी घ्या' याच्यासमोर इंग्रजी अर्थ. 'घ्या ना', 'घ्या हं', 'घ्या बरं', 'घ्या की' यांतलं एकही नाही. दुसऱ्या एका पुस्तकात 'ये ना' होतं, पण त्याचा अर्थ 'ये' या शब्दासमोर होता तोच छापलेला, अक्षरश: तोच. मला याचा मनापासून राग येतो. आपण दिवसभर ज्या अक्षरांनी माया करतो, रागावतो, विनवतो, तीच अक्षरं परक्या माणसाला भाषा शिकवताना गाळून टाकायची, आणि मग तो तुसडा बोलतो म्हणून नाक मुरडायचं.

त्या संध्याकाळी धडा बाजूला ठेवला आणि दोन तास फक्त 'गोळी घ्या' घेऊन बसलो.

नुसतं "गोळी घ्या" म्हणजे काम. औषधाच्या पाकिटावर लिहितात तसं. त्यात वाईट काही नाही, पण बोलणाऱ्याचं ऐकणाऱ्याशी नातंही काही नाही. आजारी, म्हाताऱ्या माणसाला ते कोरडं लागतं.

"गोळी घ्या ना" यात विनवणी आहे. समोरच्यानं एकदा नाही म्हटलं, किंवा तो टाळतोय हे दिसलं, की 'ना' येतं. म्हणून पहिल्याच वाक्यात नर्सनं 'घ्या ना' म्हटलं तर पेशंट गोंधळतो, की मी कुठे नको म्हणालो? आणि चारदा 'घ्या ना, घ्या ना' केलं की घ्यायचं की नाही हे ठरवायचा हक्क आपणच त्याच्या हातात देतो.

"गोळी घ्या बरं" हे आत्ता, माझ्यासमोर. हातात पाणी धरून म्हणायचं. लहान मुलाला भरवताना आई म्हणते तसं, म्हणून फार मोठ्या माणसाला जरा जपूनच. पण त्यालाच एक 'का' जोडा, "गोळी घ्या बरं का", की सगळी वेळच बदलते. आता ती गोळी नंतरची आहे, रात्री जेवणानंतरची, आणि सांगणारी म्हणतेय की लक्षात ठेवा. एका 'का'नं आत्ताचं नंतर होतं. हे कुठल्या पुस्तकात असायला नको?

"गोळी घ्या हं" हे मला नर्ससाठी सगळ्यात योग्य वाटतं. यात सूचनाही आहे आणि काळजीही. आत्ताचं असो वा नंतरचं, चालतं. फक्त सूर सांभाळायचा. हलकं, किंचित वर जाणारं 'हं' मायेचं. तेच खाली दाबून ओढलं की धमकी होते, "पुन्हा करायचं नाही हं." लिहिताना दोन्ही 'हं' सारखेच दिसतात, म्हणून हे कानानंच शिकावं लागतं.

इथे ती एकदम उजळली. म्हणाली, हे तर आमच्याकडचं 'केट्टो'! मल्याळममध्ये "मरुन्नु कऴिक्कणं केट्टो" म्हणतात, औषध घ्यायचं हं. 'केट्टो'चा शब्दश: अर्थ 'ऐकलंत का', पण बोलताना तो प्रश्न राहत नाही, नुसता मऊपणा उरतो, आणि घाईत त्याचं 'ट्टो' होतं. म्हणजे तिला ही गोष्ट आईच्या भाषेत येतच होती. कुणी 'हं'ची नि 'ट्टो'ची गाठ घालून दिली नव्हती, एवढंच.

आता 'की'. आजी चिडल्या त्या यावरून. शाळेच्या व्याकरणात 'की' दोनच ठिकाणी भेटतो. 'तो म्हणाला की', आणि 'चहा की कॉफी'. दोन्ही उभयान्वयी अव्ययं, दोन वाक्यं किंवा दोन शब्द जोडणारी. वाक्याच्या शेवटचा 'की' काहीच जोडत नाही. तो ऐकणाऱ्याच्या मनातल्या समजुतीला उत्तर देतो. "पैसे आहेत की" हे मी तेव्हाच म्हणेन, जेव्हा तुम्हाला नाहीत असं वाटत असेल, किंवा तुम्ही तसं विचारलं असेल. कोणी काही बोललेलं नसताना खोलीत शिरून "पाऊस पडतोय की" म्हणून पाहा, समोरचा विचारील, मग मी कुठे नाही म्हणतोय?

आज्ञेच्या शेवटी 'की' लागला, की त्याचा भाव होतो 'अडलंय कशात?' बरोबरीच्या माणसाला "घे की" म्हणावं, त्यात मोकळेपणा आहे. कोल्हापूर-सांगलीकडे "बसा की", "या की" हे आगतस्वागताचं बोलणं आहे, मोठ्यांनाही चालतं, गोडच लागतं. कोल्हापूरच्या नर्सनं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. पण आमच्या बाजूच्या, बांद्याच्या आजींच्या कानाला अनोळखी तरुण मुलीचं "घ्या की" म्हणजे 'इतका वेळ का लावताय' असं ऐकू आलं. एकच अक्षर, घाटाच्या वर आवतण नि खाली टोमणा.

घरात त्या आजी मालवणीच बोलत असणार. तिथे शेवटाला 'मां' येतो, "जेवलास मां?", आणि हाकेचे 'रे' नि 'गो' असतात. गोव्यातला मित्र मित्राला "पळय मरे", म्हणजे 'बघ रे', असं म्हणतो. असा शब्द कुणाला लावायचा ते ठरलेलं असतं, 'मरे' काही आपण बाईला लावत नाही. शिकणाऱ्यानं कानावर पडलं तसं उचललं की इथेच पाय घसरतो.

आता जी गोष्ट सांगते, तिच्यात चूक नुसत्या गोडव्याची नव्हती. म्हणून ही पोस्ट लिहायला घेतली.

एका शुक्रवारी सकाळी एका काकांना दाखल केलं. रक्तदाबाची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू. माझ्या विद्यार्थिनीनं विचारलं, रात्रीची गोळी घेतली का? काकांची मुलगी म्हणाली, "घेतली म्हणे." हिनं कागदावर लिहिलं, घेतली. पुस्तकाप्रमाणे 'म्हणणे' म्हणजे बोलणे, मग वाक्याच्या टोकाला लटकलेलं 'म्हणे' तिनं सोडून दिलं, जसं सगळे भाषांतर करणारे सोडतात.

मोठ्या सिस्टर मराठीच होत्या. त्यांनी विचारलं, मुलगी नक्की काय म्हणाली? "घेतली म्हणे" हे ऐकल्याबरोबर त्यांनी गोळ्यांची पट्टी मागितली. दहाची पट्टी, बुधवारी सकाळी उघडलेली. बुधवारच्या दोन, गुरुवारच्या दोन, म्हणजे सहा उरायला हव्यात. उरल्या होत्या सात. डॉक्टरांना तसं कळवलं.

मुलगी खोटं बोलली नव्हती. तिनं स्वच्छ सांगितलं होतं, की मी पाहिलेलं नाही, बाबा सांगतात. मराठीत हे सगळं 'म्हणे' या दोन अक्षरांत मावतं. हे जुनं क्रियारूप, 'तुका म्हणे'मधलं. आता ते गोठलंय. कोण बोललं, पुरुष की बाई, एक की दहा, याप्रमाणे ते बदलत नाही. ऐकीव माहितीवर मारलेला तो शिक्का आहे. पटत नसेल तर स्वत:बद्दल वापरून पाहा. "मी आज जेवले म्हणे" असं कुणी शहाणं माणूस म्हणणार नाही. "मी लहानपणी विहिरीत पडले होते म्हणे" हे मात्र बरोबर, कारण ते मला आईनं सांगितलंय. आणि जागा बदलली की भाव बदलतो. "म्हणे गोळी घेतली!" यात बोलणाऱ्याचा विश्वासच नाही.

याच प्रश्नाला मुलगी "घेतली ना" म्हणाली असती, तर अर्थ झाला असता, तुम्हाला माहीतच आहे की मी देते. "घेतली की" म्हणाली असती, तर नाही घेतली असं का वाटलं तुम्हाला? कागदावर या तिन्हींचं भाषांतर एकच झालं असतं, घेतली. पण माझ्या मते 'घेतली म्हणे'चं भाषांतर 'घेतल्याचं पेशंट सांगतात, घरच्यांनी पाहिलेलं नाही' असंच व्हायला हवं. एका शब्दाला सहा शब्द लागले तर लागू देत.

हा त्रास आपल्यालाच आहे असं नाही. जर्मनमध्ये 'डोख', 'माल', 'हाल्ट' अशा शब्दांना पूर्वी ठिगळाचे शब्द समजून हिणवायचे. भाषाशास्त्रज्ञ हाराल्ड वाइट यांनी 1969मध्ये त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि ते फ्रेंचशी ताडून लिहिलं, कारण दुसऱ्या भाषेत नेताना काय गळतं ते तेव्हाच दिसतं. आपल्याकडे अव्ययांचे चार प्रकार पाठ करून घेतात. केवलप्रयोगी म्हणजे अरेरे, शाबास, वाहवा, एकटे उभे राहणारे उद्गार. 'हं' आणि 'म्हणे' वाक्याच्या टोकाला चिकटून पूर्ण वाक्याचा रंग बदलतात, त्यांची त्या चार खणांत नीट सोय होत नाही.

मी आता शिकवताना अर्थाचा रकाना काढून टाकलाय. त्या जागी दोन रकाने केलेत. आधी समोरचा काय बोलला किंवा कसा वागला, आणि हे बोलल्यावर काय होईल. 'घ्या ना'च्या आधी 'नको' लिहायचं. 'घ्या बरं का'च्या नंतर 'रात्री घेईन'. 'घेतली म्हणे'च्या नंतर 'पट्टी मोजा'.

त्या बांद्याच्या आजी आठवडाभर वॉर्डात होत्या. 'घ्या हं'वर गोळ्या घेऊ लागल्या. एका संध्याकाळी ड्यूटी संपवून ही निघाली, तेव्हा आजींनी हाक मारली, "उद्या येतलंस मां गो?"

"येणार की, आजी!"

दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं मला विचारलं, हा 'की' बरोबर पडला ना?