कुरिअर न्यू लावून मराठी गाण्यावर कॉर्ड बसत नाहीत

"गाणं साधं टाइप करा, वरच्या ओळीत स्पेस मारून कॉर्ड ठेवा, फॉन्ट कुरिअर न्यू करा, कॉर्ड बरोबर शब्दावर बसतात. चार्ट पाहिजे तर कन्व्हर्टरमध्ये टाका, तो आपोआप करतो. सूर बदलायचा तर फाइंड-रिप्लेस आहेच. नवीन फॉरमॅट शिकायची काही गरज नाही."

हा मेसेज नाशिकच्या गिटारवाल्या ग्रुपांमध्ये फिरतोय, कॉलेज रोडच्या पोरांपासून पंचवटीतल्या भजनी मंडळाच्या कीबोर्डवाल्या काकांपर्यंत सगळ्यांनी तो पुढे ढकललाय. इंग्रजी गाण्यासाठी त्यातलं बरंचसं चालतं हे आधीच मान्य करतो. मराठी गाणं देवनागरीत लिहिलं की मात्र एकेक गोष्ट सुटत जाते.

आधी फॉन्ट. कुरिअर न्यूमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी, म्हणून वरच्या ओळीत पाच स्पेस आणि खालच्या ओळीत पाच अक्षरं एकाच जागी येतात, खरंय. पण कुरिअर न्यूमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. तुम्ही फॉन्ट बदलला तरी विंडोज गुपचूप मराठीपुरता मंगल किंवा निर्मला वापरतं आणि त्यात र बारीक, क्ष रुंद, प्रत्येकाची रुंदी वेगळी. म्हणजे वरची ओळ एका मापाने चाललीये आणि खालची दुसऱ्याच. तुमच्या लॅपटॉपवर डोळ्याने जुळवून ठेवलं असेल तर तिथे नीट दिसेल, पण तीच फाइल तबलजीने मोबाइलवर उघडली की तिथला देवनागरी फॉन्ट वेगळा आणि कॉर्ड सरकलेच. व्हॉट्सॲपवर तर बोलायलाच नको.

आता कन्व्हर्टर, खरी गंमत इथे आहे. साध्या टेक्स्टचा चार्ट करणारी बहुतेक टूल्स एकच काम करतात: वरच्या ओळीत कॉर्ड कितव्या खान्यात आहे ते मोजायचं आणि खालच्या ओळीत तितक्याच खान्यावर तो कॉर्ड चौकटी कंसात घुसवायचा. ओळी ओळखणं मराठीत उलट सोपं आहे, कॉर्डची ओळ रोमन आणि गाण्याची देवनागरी, इंग्रजीतल्यासारखा A हा शब्द की कॉर्ड असा घोळ होत नाही. घोळ मोजण्यात होतो. एक ओळ घेऊ (माझीच आहे, चाल विचारू नका), आणि समजायला सोपं जावं म्हणून धरून चालू की एका अक्षराला एक स्पेस या हिशोबाने कॉर्ड ठेवलेत:

```
G   C   D   G
गोदेच्या काठी दिवे लागले
```

डोळ्याला दहा अक्षरं आणि तीन स्पेस दिसतात, एकूण तेरा खाने. C "का"वर, D "वे"वर, शेवटचा G "ले"वर. कॉम्प्युटरला मात्र या ओळीत 24 खाने दिसतात, कारण ग वेगळा, त्याचा ो वेगळा, आणि "च्या" म्हणजे च, हलंत, य, आणि ा असे चार. मग त्याने मोजून कंस घातले की हे निघतं:

```
[G]गोदे[C]च्या[D] काठ[G]ी दिवे लागले
```

सगळे कॉर्ड डावीकडे गोळा झाले आणि शेवटचा G तर ठ आणि त्याच्या वेलांटीच्या मधे घुसला. स्क्रीनवर ती एकटी पडलेली वेलांटी सहसा तुटक रेघांच्या गोल ठिपक्यावर लटकलेली दिसते, तो गोल दिसला की समजायचं कॉर्ड अक्षराच्या पोटात गेलाय. जोडाक्षरात गेला तर पाय मोडलेला च् दिसतो. पण नुसतं डावीकडे सरकलेलं असेल, जसं इथे C "च्या"वर गेला, तर काहीच विचित्र दिसत नाही आणि ते जास्त वाईट, कारण वाजवणारा तसंच वाजवतो. टॅब वापरला असेल तर आणखी वेगळा गोंधळ, टूल टॅबला एक खाना धरतं की आठ यावर सगळं अवलंबून.

रोमनमध्ये Godechya kathi असं लिहिलेलं असेल आणि टॅब नसतील तर हीच टूल्स व्यवस्थित चालतात, ते नाकारत नाही. पण भजनी मंडळाला रोमन वाचायला लावणार का?

म्हणून देवनागरीसाठी कंस हाताने घालायचे. आधी कॉर्डशिवाय नुसते शब्द नीट टाइप करा, मग गुणगुणत जा आणि जिथे कॉर्ड बदलतो त्या अक्षराच्या लगेच आधी कंस:

```
[G]गोदेच्या [C]काठी दि[D]वे लाग[G]ले
```

याला कॉर्डप्रो पद्धत म्हणतात, मेसेजमधलं "नवीन फॉरमॅट" ते बहुधा हेच, पण 1990च्या दशकापासून चालत आलंय, नवीन काही नाही. शिकण्यासारखं एवढंच की कॉर्ड त्या अक्षराला चिकटलेला असतो, फॉन्ट कोणताही असो, चार्ट बनवणारा प्रोग्रॅम अक्षराची खरी रुंदी मोजून कॉर्ड वर ठेवतो. कॉर्ड शब्दाच्या सुरुवातीलाच ठेवायची सवय मोडा, इथे D "दिवे"च्या मधेच येतो. आणि "ले" लांबवताना कॉर्ड बदलत असतील तर आपल्या नोटेशनमधला अवग्रह वापरा, `[G]ले[C]ऽ[D]ऽ`, ऽ हे स्वतंत्र अक्षर असल्यामुळे त्याच्या आधी कंस आला तरी काही तुटत नाही.

जुन्या फाइली आधीच कन्व्हर्टरमधून काढल्या असतील तर व्हीएस कोडमध्ये सर्च उघडून रेगेक्स चालू करा आणि हे टाका:

```
\][\u0900-\u0903\u093C\u093E-\u094D]|\u094D\[
```

कंसानंतर लगेच मात्रा, अनुस्वार किंवा हलंत आलेली, नाहीतर हलंतानंतर कंस आलेली प्रत्येक जागा सापडेल. नुसते सरकलेले कॉर्ड यात सापडत नाहीत, ते गाऊनच बघावे लागतात.

राहिलं फाइंड-रिप्लेस. गाणं G मध्ये, कॉर्ड G, C, D, Em, आणि गायिकेला दोन पट्ट्या वर हवंय. C चा D केला, मग D चा E केला, आता मूळचा C सुद्धा E झाला. नंतर Em ला हात लावताना नुसता E शोधला तर तिन्ही F# होतात. यावर कोणीतरी म्हणेल उलट्या क्रमाने करा, आधी Em, मग D, मग C, शेवटी G. या चार कॉर्डना ते जमतं. पण कॉर्ड वाढले, चक्र फिरून परत पहिल्या सुरापर्यंत आलं की कुठूनही सुरुवात केली तरी कोणीतरी कोणावर चढतंच. शिवाय Em चा F#m झाला की वरच्या ओळीत एक खाना वाढतो आणि पुढचे सगळे कॉर्ड एक घर उजवीकडे सरकतात, म्हणजे प्रत्येक ओळीत बसून स्पेस खोडा. कंसात लिहिलेल्या फाइलला हे काही लागत नाही, कॉर्डप्रो नावाच्या प्रोग्रॅमला कमांड लाइनवर एवढंच सांगायचं:

```
chordpro --transpose=2 --output=gode.pdf gode.cho
```

यात एक अडचण आहे ती सांगून ठेवतो, प्रोग्रॅमच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे सेटिंगमध्ये नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट द्यावा लागतो. पीडीएफमध्ये जोडाक्षरं सुटी किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे आलेली दिसली तर चूक तुमच्या कंसांची नाही, अक्षरं जोडायचं काम झालेलं नाही, तेव्हा .cho फाइल तशीच ठेवा आणि देवनागरी नीट दाखवणाऱ्या दुसऱ्या ॲपमध्ये उघडा.